पाकिटावरचे नऊ महिने

शाळेच्या स्वयंपाकघरात वीस वर्षं काढलेल्या काकूंनी मसुराच्या सुपाची पावडर तयार केली होती. आज ती त्यांनी दुकानांच्या एका मोठ्या साखळीच्या खरेदी अधिकारी बाईंसमोर ठेवली होती. शेजारी धाकटा दीर फाइल छातीशी धरून बसला होता.

बाईंनी सूप चाखलं, मान डोलावली. मग पाकीट उलटं केलं. "नऊ महिने टिकतं? प्रयोगशाळेचा अहवाल दाखवा."

अहवाल सहाच महिन्यांचा होता. नऊचा आकडा दिरानं परस्पर छापून घेतला होता आणि काकूंना ते कालच कळलं होतं.

दीर घाईघाईनं म्हणाला, "अहवाल मागाहून पाठवतो, मॅडम."

"नाही," काकू म्हणाल्या. "सहाच महिने टिकतं. छापलंय ते चूक आहे."

दिराचा चेहरा पडला. बाईंनी पाकीट टेबलावर ठेवलं.

"माल गोदामात येताना आम्हाला मुदतीचे निदान चार महिने शिल्लक लागतात. दर पंधरवड्याला ताजा माल द्याल?"

"देईन."

"मग आधी पाकिटं बदला. वीस दुकानांत बारा आठवडे ठेवून बघू. खपला नाही तर उरलेला माल तुम्ही परत न्यायचा."

बाहेर जिन्यात दिराला कंठ फुटला. "वहिनी, थोडक्यात वाचलो!"

"ते राहू दे," काकू म्हणाल्या. "छापलेली सगळी पाकिटं आता तूच बसून फाडायचीस."