बोद भरण्याआधी विचारलं ती गोष्ट

मी चौथीपर्यंत शिकलो. तेवढ्यावर गोंदियाच्या एका बिडीवाल्या सेठकडे मुन्शी लागलो. इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायचे दिवस आले की सेठ आम्हाला अर्जुनीकडच्या जंगलात पाठवायचा. बाया-माणसं पत्ता तोडून पुडे बांधून आणत. मोकळ्या जागेवर ते पुडे ओळीनं मांडून, उलटून-पालटून वाळवायचे, त्या जागेला फळी म्हणतात. वाळला की पाणी शिंपून पत्ता नरम करायचा आणि बोदात, म्हणजे मोठ्या पोत्यात, ठासून भरायचा. हे सगळं मुन्शीच्या हुकमानं चाले.

शेजारच्या गावच्या फळीवर एक जुना मुन्शी होता. पहिल्याच दिवशी तो मला म्हणाला, "बाबू, भराई करायच्या आधी मले बोलाव. लाजू नको."

मी मनात म्हटलं, हा कायले एवढा गोड बोलून राहिला? त्याचा भाचा बेकार बसला होता. माझी चूक सेठच्या कानावर घालायची आणि माझ्या जागी भाचा बसवायचा, हाच याचा डाव. मी बोलावलं नाही. बाबूनं लोकांना विचारत फिरायचं तर लोक बाबू कायले म्हणतील?

वरचा पत्ता कुडकुडीत दिसला तशी मी भराई काढली. पत्ता मोडू नये म्हणून घडेच्या घडे पाणी मारलं आणि लगोलग बोद शिवले.

गोंदियाच्या गोदामात सेठनं एक बोद फाडला. आत हात घातला आणि झटकन बाहेर काढला. आत वाफ धरली होती. आंबूस वास आला. मधले पुडे काळे पडले होते. सेठ म्हणाला, "ये पत्ता है के गोबर? दुसरी तोडाई बाकी है. वो भी काली हुई तो मुन्शी, घर जाके बैल हाँक."

जुना मुन्शी आपले बोद उतरवत तिथंच उभा होता. मला वाटलं, मनात हसून राहिला.

दुसऱ्या तोडाईचे पुडे फळीवर मांडले आणि माझी झोप उडाली. एका दुपारी जुन्या मुन्शीच्या फळीवर गेलो. म्हटलं, "काका, कसं काय?"

"बरं आहे. तुझं?"

"माझंही बरं."

पाणी प्यालो आणि परत आलो. वाटेत स्वतःवरच चिडलो. बरं आहे म्हटल्यावर तो बिचारा सांगेल तरी काय?

दुसऱ्या दिवशी फळीच्या मधल्या ओळीतला एक पुडा काखेत घेऊन गेलो. मुद्दाम तोडणाऱ्या बाया, गाडीवाले सगळे जमले असतानाच गेलो. चारचौघांत चुकीचं सांगितलं तर त्याचंही नाव जाईल, असा माझा हिशेब.

"काका, हा पुडा मधला आहे. उलटून झाला. वरून वाळला. मागच्या वेळी असाच भरला अन् लय पाणी मारलं, म्हणून काळा पडला. आता भरू का थांबू? मले समजून नाही राहिलं."

हे शेवटचं वाक्य मी पुड्याकडे पाहत बोललो. एक बाई खुदकन हसली. "बाबूले समजून नाही राहिलं म्हणे!"

"तू गप बस व," काका म्हणाला. त्यानं पुड्याची गाठ सोडली, अगदी मधलं पान काढलं आणि मधली शीर वाकवली. शीर तुटली नाही, नुसती दुमडली. "हे कच्चं आहे. ही शीर कटकन मोडली पाहिजे. अजून उलट. काऊन रे, हे तेव्हाच का नाही विचारलं?"

"तुमचा भाचा आहे ना," मी सरळ बोललो.

त्यानं ते पान खाली टाकलं. मग म्हणाला, "माह्या भाच्याले जंगलात साप दिसते. तो कायचा येते?"

शीर मोडायला लागली तशी मी त्याला बोलावणं धाडलं. तो संध्याकाळी आला. हातानं हलकं पाणी शिंपायला लावलं, पुड्यांचे ढीग करून पोत्यांनी झाकले. उजाडायच्या आत एक पान मुठीत चुरगाळून मला दाखवलं. पान मोडलं नाही आणि तळहातही ओला झाला नाही. "आता भर." भरलेले बोदही उन्हात ठेवले, मगच गाडीवर चढवले.

गोदामात सेठनं तीन बोद फाडले. त्याचा विश्वास नव्हताच. पत्ता खाकी आणि नरम निघाला. "किसने भरवाया?"

काका माझ्याकडे पाहत होता. मी म्हटलं, "भरवला मीच. विचारलं यांना."

"अगले साल बडी फळी संभाल," सेठ म्हणाला.

माझी नोकरी राहिली. काकानं माझ्यामागे सेठला काय काय सांगितलं असेल, याचा संशय मला आजही आहे. पण त्या मोठ्या फळीवरही पहिल्या भराईआधी मधला पुडा काखेत घेऊन मी त्याच्याकडेच गेलो, आणि चारचौघांतच विचारलं.