दुपटं मोठं झालं

धुतलेल्या कपड्यांच्या अर्ध्या ढिगाच्या घड्या झाल्या होत्या, अर्धा पलंगावर तसाच पडला होता. एवढ्यात धाकटीने हातातला एकटा पायमोजा खाली टाकला आणि म्हणाली, "ताई, मी नाव बदललं."

"कोणाचं?" मी विचारलं. घरात नाव बदलण्याजोगं कोणी नव्हतं.

"चॅनेलचं. आत्ताच. तुम्ही उशांचे अभ्रे आणायला गेलात ना, तेवढ्यात."

धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. तिचा पाय कधी जमिनीवर ठरत नाही. भात शिजेपर्यंत ती चार कपाटं उघडून बंद करते. फक्त सुई हातात असली की बसते, तेवढ्यापुरती. तिची मुलगी ठकी जन्मली तेव्हा घरात सगळ्यांनाच एकदम सगळं कळू लागलं होतं. एक म्हणे तान्हीला उबदार ठेवा, दुसरी म्हणे मोकळी ठेवा. या कलकलाटाला कंटाळून धाकटीने फोन खिडकीत टेकवला आणि बाळाला दुपट्यात कसं गुंडाळते त्याचा व्हिडिओ टाकला. शेवटी म्हणाली, "मलाही नीट येत नाही, पण आज असं जमलं." त्या वाक्यावर लोक जमले. चॅनेलचं नाव तिने ‘दुपटं’ ठेवलं. तीन वर्षांत कुठल्या कुठल्या नवख्या आया तिला प्रश्न विचारू लागल्या. त्यांना उत्तरं देताना तिचं दूध कितीदा उतू गेलं, ते आमच्या ओट्याला विचारा.

पण दुपट्यातली ठकी मोठी झाली. बालवाडीत जाऊ लागली. मागच्या महिन्यात आईने व्हिडिओसाठी फोन समोर धरला तर तिने सरळ तळहात त्याच्यावर ठेवला. "आई, मी बाळ नाहीये. बंद कर ते."

धाकटीने बंद केलं. दोन व्हिडिओ बाहुलीवर भागवले. मग शेजारणीचं तान्हं बाळ तासाभरासाठी मागून आणलं. मी तेव्हा दारातच होते. बाळ मांडीवर, प्रकाश छान, आणि धाकटी म्हणाली, "आमचं बाळ आज..." पुढे तिची जीभच हलेना. तीनदा म्हणून पाहिलं. शेवटी बाळ शेजारणीला परत देऊन आली आणि न्हाणीघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

त्यातच लहान मुलांचे कपडे करणाऱ्या एका कंपनीतून एक बाई फोन करू लागली. वर्षभर दर महिन्याला एक व्हिडिओ, त्यात त्यांचे कपडे, आणि अर्थात आत बाळ. भाऊजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, हे फार पटलं होतं. "चालती गाडी कोण थांबवतं?" असं ते रोज जेवताना विचारत. धाकटी नुसती भात चिवडायची. हो म्हणावं तर वर्षभर उसनं बाळ. नाही म्हणावं तर तीन वर्षांची जमवाजमव कुठे ठेवायची? या घालमेलीत त्या दिवशी तिने नावच बदलून टाकलं. नवं नाव ‘मोकळा श्वास’.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवापुढे दिवा लावत होते. मागून फोन आपटल्याचा आवाज आला.

"ताई, ऐका. ‘ही कोण बाई? मी हिला कधी सबस्क्राइब केलं?’ ही दुसरी. ‘चॅनेल विकलं वाटतं.’ आणि हे महाशय म्हणतात हॅक झालंय, सगळ्यांनी सावध राहा!"

लोक भराभर निघून चालले होते. त्यांचंही काय चुकलं? ज्या दुपट्याशी त्यांची ओळख होती ते यादीतून नाहीसं झालं होतं आणि त्या जागी कुणी अनोळखी बाई मोकळा श्वास घेत बसली होती. धाकटीने घाईघाईने पुन्हा ‘दुपटं’ केलं. दुपारी तिला आणखी एक बरं नाव सुचलं, तर चॅनेल ते घेईना. चौदा दिवसांत नाव दोनदाच बदलता येतं. एकदा जाताना, एकदा येताना, दोन्ही वेळा खर्ची पडल्या होत्या.

सासूबाई शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "नाव ठेवायला गेली आणि लोकांनी नावं ठेवली."

धाकटीला हसू आलं, पण लगेच डोळे भरले. मी मनात म्हटलं, देवा, हिला तू बरोबर जागी बांधून घातलंस. आता दोन आठवडे तरी बसेल.

कसली बसते! वीजबिलाच्या पाठीमागे नावं, कुकरच्या वाफेने धूसर झालेल्या फरशीवर बोटाने नावं. एक खोडायची, दुसरं लिहायची. अर्ध्या रस्त्यातून भाजीची पिशवी न घेताच परत यायची. "नवं चॅनेल काढते," म्हणायची, आणि पाच मिनिटांनी, "शून्यापासून? पुन्हा? मला नाही झेपणार."

शेवटी तिची एक मैत्रीण आली. ही दिवसभर दुसऱ्यांचे व्हिडिओ कापून जोडून देते, म्हणून आम्ही तिला जोडणारी म्हणतो. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून तिने आधी धाकटीला खुर्चीवर बसवलं.

"नाव हे शेवटचं काम. तू पहिलं केलंस. आधी सांग, बाळ नसेल तर तू काय दाखवणार?"

"तेच तर कळत नाही गं! स्वयंपाक? सगळेच करतात. घर आवरणं? माझं घर बघितलंस ना?"

"बघितलं. ते नको."

मग तिने जुन्या व्हिडिओंच्या रेघा उघडल्या. व्हिडिओच्या कुठल्या क्षणी किती जण बघत आहेत, ते त्या रेघेवर कळतं. बहुतेक रेघा उतारावरून घसरल्यासारख्या खाली जातात, कारण लोक उठून जातात. पण रांगण्याच्या व्हिडिओत एका जागी रेघेला उंचवटा होता.

"इथे लोक मागे जाऊन पुन्हा बघताहेत. काय आहे इथे?"

धाकटीने लावून पाहिलं. ठकीची विजार रांगून रांगून गुडघ्यावर विरली होती. तिला आतून कापड लावून धाकटी टाके घालत होती. ठकी चित्रात नव्हतीच. फक्त हात, सुई आणि फाटकं कापड. आणखी दोन व्हिडिओ उघडले. एकात झबल्याची बाही जोडलेली, एकात भोक पडलेलं दुपटं रफू केलेलं. दोन्हीकडे रेघेला तोच उंचवटा.

धाकटीने तिन्ही व्हिडिओ पुन्हा लावून पाहिले. 

"योगायोग असेल," ती म्हणाली.

"असेलही. म्हणून करून बघ. जुन्या नावाखालीच तीन-चार टाक, नुसते शिवण्याचे. पण आधीच सांगते, सुरुवातीला दणका बसेल. तुझ्याकडे येणारे बाळासाठी येतात. त्यांच्यापुढे कोपर फाटलेला स्वेटर आला तर ते हात लावणार नाहीत, आणि त्यांनी हात लावला नाही की तो पुढेही कमीच लोकांना दाखवला जाईल. घाबरून पुन्हा शेजारणीचं बाळ आणू नकोस."

पहिला व्हिडिओ भाऊजींच्या स्वेटरच्या कोपराचा. कोणी फिरकलंच नाही म्हणा ना. धाकटी दर थोड्या वेळाने फोन उलटा ठेवायची आणि पुन्हा सुलटा करायची. भाऊजी म्हणाले, "माझं कोपर जगाला आवडलेलं दिसत नाही." ती चिडून गच्चीत गेली, तिथून वाळत घातलेली चादर घेऊन आली आणि घडी न करताच परत वर गेली.

जोडणारीने फोनवर बजावलं, "किती आले ते बघू नकोस. आले त्यातले बसले किती, ते बघ."

बसले होते. थोडे होते, पण बरेचसे शेवटच्या टाक्यापर्यंत बसले होते. दुसऱ्या व्हिडिओला पूर्वी कधी न आलेली माणसं आली, त्यात एक निवृत्त शिपाईही होते. त्यांनी विचारलं, गणवेशाचा खिसा असाच लावायचा का? आणि जुन्यांपैकी एकीने लिहिलं, ‘माझाही आता शाळेत जातो. गुडघा रोज फाटतो. बरं झालं तुम्ही पण पुढे आलात.’ धाकटीने ते मला दोनदा वाचून दाखवलं, सासूबाईंना एकदा, आणि न विचारता भाऊजींनाही.

त्याच संध्याकाळी कंपनीच्या बाईचा फोन आला. आज उत्तर हवं होतं. धाकटी बोळात उभी राहून बोलत होती, भाऊजी दाराशी कान देऊन.

"नाही हो. तुमचे कपडे चांगलेच आहेत. पण आमचं बाळ मोठं झालं. उसनं आणून मला जमत नाही. हो, विचार केला. फार केला."

फोन ठेवला तसे भाऊजी म्हणाले, "म्हणजे तीन वर्षं पाण्यात!"

"दुपटं पाण्यात गेलं की वाया जातं का हो? मऊ होतं."

"आणि मग?" सासूबाईंनी आतून विचारलं. "मऊ झालं की त्याचं पोतेरं होतं. तेच ठेव नाव. पोतेरं!"

सगळे हसले, धाकटी सोडून. तिला नावाची धास्ती परत सुरू झाली होती, कारण चौदा दिवस संपत आले होते. मी वैतागून म्हटलं, "अगं, किती जणांचं ऐकशील? आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे कुठे लावणार?"

ती चालता चालता थांबली. "काय म्हणालात?"

"आभाळ फाटलं..."

"ते नाही. पुढचं."

"ठिगळ?"

"शी!" सासूबाई म्हणाल्या. "ठिगळ काय नाव आहे? लोक ठिगळ लपवतात."

"म्हणून तर," धाकटी म्हणाली, आणि खाली बसली. माझ्या देखत, हातात सुई नसताना.

या खेपेला तिने नाव बदलण्याआधी सांगितलं. ठकीच्या विजारीचा तो गुडघा हातात धरून छोटीशी चित्रफीत केली. म्हणाली, माझं बाळ मोठं झालं, आता मी फाटलेलं दाखवणार. ज्यांची बाळं अजून दुपट्यात आहेत त्यांच्यासाठी जुनं सगळं एका यादीत, त्याच शीर्षकांनी, जागच्या जागी आहे. ज्यांना जायचं त्यांनी खुशाल जा. वरच्या पट्टीवर मोठं ‘ठिगळ’ आणि खाली बारीक अक्षरात ‘आधीचं दुपटं’, म्हणजे कोणी दारातून परत जायला नको. ठकीचा चेहरा अगदी जवळून दिसणारे काही व्हिडिओ मात्र तिने लोकांसाठी बंद केले. त्यातला एक सगळ्यांत जास्त पाहिला गेलेला होता. भाऊजी हळहळले. ठकीला विचारलं तर ती म्हणाली, "माझं आहे ना ते? मग बंद." आणि खेळायला गेली.

आज नाव बदललं. काही लोक गेले, काही राहिले. हॅक झालं असं या वेळी कोणी म्हटलं नाही. पुढे चालेल की नाही, ते जोडणारीलाही सांगता येत नाही आणि मलाही. मी देवापुढे दोन वाती लावल्या, एक ठकीच्या नावाने. धाकटीने एकीची काजळी झाडली, फोन पाहिला, ठेवला, पुन्हा पाहिला. मग पलंगावरच्या कपड्यांच्या ढिगात हात घालून भाऊजींची फाटक्या खिशाची विजार काढली आणि सुईत ओवायला दोरा शोधू लागली. रीळ रिकामं होतं.

उद्या सकाळी ठकीला शाळेत सोडून ती कोपऱ्यावरच्या दुकानातून करडा दोरा आणणार आहे.