पिवळे पट्टे

कुंडलजवळच्या शेतकरी गटासाठी मी अहवाल लिहिला होता. मी ड्रोननं काढलेल्या फोटोत उसातले पिवळे पट्टे ठिबकच्या नळ्यांबरोबर सरळ गेले होते, शेवटाकडे जास्तच पिवळे. रोग असा पट्टी लावून रेघ मारत नाही, त्याचे वेडेवाकडे चट्टे पडतात. नळ्या क्षारानं तुंबल्यात, ॲसिड सोडून धुवा, एवढंच मी लिहिलं.

गटाच्या अध्यक्षाचं शेतीच्या औषधांचं दुकान. अहवाल खिशात घालून त्यानं बैठकीत नुसता फोटो दाखवला. “रोग हाय गड्यांनो, लय पसरलाय. उद्याच फवारा.”

मी तोंड उघडलं, तर म्हणाला, “आवं साहेब, तुमी फोटो काढा.”

सगळ्यांनी त्याच्याच दुकानातून औषध उचललं.

दुसऱ्या दिवशी परतताना वाटेत अध्यक्षाचा ऊस लागला. तो स्वतः ठिबकात ॲसिड सोडत होता.