ते कोरं पान परत घाला

काटेवाडीच्या मावशींवर अन्याय झाला तो त्या रविवारी सकाळी, इंदापुरात, आमच्याच पुस्तकाच्या प्रकाशनात. हार-नारळ झाले, प्रती वाटल्या, आणि निरवांगीहून आलेल्या एका बाईनं पुस्तक उघडून सगळ्यांदेखत विचारलं, "अगं बया, म्हंजी हीच व्हय ती?"

बारामती एमआयडीसीतल्या एका दूध प्लांटमध्ये ठेक्यावर पॅकिंग करणाऱ्या बायकांच्या हकिकती आम्ही छापल्या होत्या. बसायला स्टूल द्या, एवढ्याच मागणीच्या अर्जावर त्यांनी सह्या केल्या आणि ठेकेदारानं त्यांना घरी बसवलं. सगळ्यात आधी मावशींना. पुस्तकाची मांडणी मीच केलेली, साधी: डाव्या पानावर बाईचा फोटो, समोर उजव्या पानावर तिची हकिकत सुरू. फक्त एकीनं नाव आणि फोटो द्यायला नकार दिला. कारण सह्या कुणी केल्या, ते ठेकेदाराला तिनंच सांगितलं होतं. तिची हकिकत डाव्या पानावर संपत होती, म्हणून समोरचं उजवं पान मी मुद्दाम कोरं ठेवलं. ते उलटलं की डावीकडं मावशींचा फोटो, उजवीकडं त्यांची हकिकत, पुस्तकातली शेवटची. प्रूफ मी तसंच पास केलं होतं.

छापखान्याच्या मालकानं ते कोरं पान मला न विचारता काढून टाकलं. मावशींचा फोटो उजवीकडं आला, बरोबर त्या निनावी हकिकतीतल्या "नावं मीच सांगितली" या ओळीसमोर. आणि त्यांची स्वतःची हकिकत गेली फोटोच्या पाठीमागं, डाव्या पानावर. तिथवर जातंय कोण?

दुसऱ्या दिवशी मी बारामतीत त्याच्या छापखान्यात जाऊन उभी राहिले.

"अहो ताई, शेवटच्या सोळा पानी फॉर्म्यात एक पान जास्त होत होतं. एका कोऱ्या पानासाठी वेगळा कागद लावू? लोक म्हणत्यात, छपाई चुकली."

"आता काय म्हणत्यात, ते काटेवाडीत येऊन ऐका की!"

"आत शुद्धिपत्रकाची चिठ्ठी टाकतो."

"चिठ्ठी गळून पडते. फोटो पडत नाही."

"एवढं कोण बघतंय, ताई?" असं म्हणून तो चहा मागवायला लागला. मी त्याचा चहा घेतला नाही.

तिथून मावशींकडं गेले. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या, एकट्याच. ज्यांच्याबरोबर त्यांचं काम गेलं, त्या शेजारणी दारावरनं तोंड फिरवून जात होत्या.

"पोरी, फोटू लई झ्याक आलाय बघ," त्या म्हणाल्या. "म्हणून तर समद्यांनी वळखला." आणि शेंगांची पाटी माझ्यापासून लांब ओढली.

मालक, चिठ्ठी आम्हाला नको. शेवटचा फॉर्मा पुन्हा छापा, कोरं पान जागेवर घाला, बांधणी नव्यानं करा. आणि तुम्ही, ज्यांच्या घरात ही प्रत आहे: ती घेऊन छापखान्यात जा आणि बदलून मागा. पण त्याआधी मावशींच्या दारात जा आणि फोटोमागचं पान तिथं उभं राहून मोठ्यानं वाचा. शेजारणींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.