बाबांची बँक गॅरंटी परत मिळाली त्याची गोष्ट

हे आत्ताच्या आत्ता सांगितलंच पाहिजे! बाबांनी सरकारी पाणी खात्याला पंपाचे सुटे भाग पुरवलेले. वॉरंटी संपल्यावर, मालाची हमी म्हणून खात्याकडं ठेवलेली बँक गॅरंटी परत मागायला आम्ही दोघं खात्याच्या ऑफिसात गेलतो. तो मूळ कागद मिळाल्याशिवाय बँक तारण ठेवलेली एफडी सोडत नव्हती, आणि एफडीशिवाय कारखान्यात नवं लेथ मशीन येणार नव्हतं.

क्लार्क म्हणाला, "मुदत संपली की पावणं, रद्दी झाली ती आता!"

"मग आमची रद्दी आमास्नी द्या की!" बाबा म्हणाले.

आतले साहेब मोठ्यानं हसले. त्यांनी स्टोअरमध्ये फोन लावला. आमच्या मालाची एक पण तक्रार न्हाय! साहेबांनी लगेच सही करून गॅरंटी दिली, वर म्हणाले, "पुढच्या टेंडरला या."

बाबा जिना उतरले ते पैलवानासारखे! तुमच्या घरात झालंय का असं कधी?