शिवणकामाच्या परवानगीचं उत्तर

कर्जतचा फ्लॅट माझ्या नावावर आहे. यात नवऱ्याच्या प्रेमाचा भाग किती, ते त्यालाच ठाऊक. बाईच्या नावावर घर घेतलं की मुद्रांक शुल्कात सवलत मिळते, हे बिल्डरच्या ऑफिसात कळलं आणि आमच्या ह्यांना एकदम माझी आठवण झाली. तेव्हापासून मी घरमालकीण. भाडं माझ्या खात्यात येतं आणि बाकी सगळी मालकी हे करतात.

आम्ही राहतो मोहोपाड्याला. कंपनीतून निवृत्त झाल्यावर माणसाने बागकाम करावं, भजनाला जावं. ह्यांनी पत्रं लिहायला घेतली. ग्रामपंचायतीला, एसटीला, समोरच्या घरातल्या कुत्र्याच्या मालकाला. त्यामुळे भाडेकरूचा मेसेज आला तेव्हा ह्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता.

मेसेज भाडेकरूने, म्हणजे त्या घरातल्या नवऱ्याने पाठवला होता. तो साजगावच्या कारखान्यात कंत्राटी कामाला. बायको शिवणकाम करायची. बाजारात एका गाळ्याच्या कोपऱ्यात तिचं मशीन असायचं, आणि गाळेवाल्याला आता तिथे मोबाइलची कव्हरं विकायची होती. महिनाअखेर कोपरा रिकामा कर म्हणाला. दुसरीकडे गाळा घ्यायची त्यांची ऐपत नाही. लग्नसराई तोंडावर आलेली. ब्लाऊज शिवणारी बाई ऐन सराईत गायब झाली की गिऱ्हाईक दुसरी बाई शोधतं आणि परत येत नाही. म्हणून विचारलं होतं : मिसेसने घरातच मशीन ठेवून काम केलं तर चालेल का?

ह्यांनी तासाभरात उत्तर तयार केलं. "सदर सदनिका केवळ निवासी वापरासाठी दिलेली असून" अशी सुरुवात. पुढे कराराचं कलम, मग सोसायटीचे उपविधी, मग विजेचा व्यापारी दर, आणि शेवटी "सबब आपली विनंती मान्य करता येत नाही."

"सबब कशाला?" मी म्हटलं. "नाही म्हणायचंय तर नाही म्हणा."

"कायद्याची भाषा असते ती."

"ती पोरगी ब्लाऊज शिवणार आहे, बंदुका नाही."

सही माझी लागणार होती, म्हणून पत्र अडलं. मी म्हटलं, सोसायटी काय म्हणते ते आधी बघू. करारात निवासी वापर लिहिलेला, हे खरंच. त्यात बदल करायचा तर मालकाची लेखी संमती हवी आणि सोसायटीच्या कमिटीलाही विचारायला हवं. एवढं मलाही कळतं. पण विचारायच्या आधीच नाही म्हणणं, ही ह्यांची खास पद्धत.

कमिटीची सभा रविवारी चेअरमनच्या घरी ठरली. चेअरमनचा फ्लॅट आमच्या फ्लॅटच्या बरोबर खाली. आम्ही पोचलो तेव्हा ते सोफ्यावर आजारी माणसासारखे बसले होते. शेजारी सेक्रेटरी. या सेक्रेटरीचे त्याच इमारतीत दोन फ्लॅट आहेत आणि दर शनिवारी ते मुंबईच्या पोरापोरींना एका रात्रीसाठी देतात. त्या रात्री गच्चीवर काय गाणी लागतात ते स्टेशनापर्यंत ऐकू जातं. पण ते "पाहुणे" असतात. शिवणकाम मात्र "कमर्शियल."

"आज ब्लाऊज, उद्या चार कारागीर आणून बसवतील," सेक्रेटरी म्हणाले. "जिन्यात अनोळखी बायका. सिक्युरिटीचा प्रश्न आहे."

"ट्यूशन असती तर समजू शकलो असतो," चेअरमन म्हणाले. "विद्यादान असतं ते. ट्यूशनला आपण कधी नाही म्हणत नाही."

दुसऱ्या मजल्यावर ट्यूशन चालते. संध्याकाळी तिथे इतक्या चपला पडलेल्या असतात की जिन्यातून वर जायला उडी मारावी लागते. पण ते विद्यादान.

"शिवाय आवाज," चेअरमन पुढे म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर कातर झाला होता. "परवानगीच्या आधीच यांनी काम सुरू केलंय. आठवडा झाला, दुपारची झोप नाही मला. मशीन चालतं डोक्यावर. धडधड, धडधड. भिंत हादरते."

हे माझ्याकडे विजयी मुद्रेने बघायला लागले. त्यांच्या पिशवीत पत्र तयारच होतं.

"आत्तासुद्धा!" चेअरमन एकदम ओरडले. "ऐका! ऐका तुम्ही!"

आम्ही सगळे ऐकायला लागलो. खरंच, धडधड येत होती. आधी हळू, मग जोरात. शोकेसमधले कप किणकिणायला लागले. सेक्रेटरींनी मान हलवली. मला त्या पोरीचा राग आला. विचारलंस तर उत्तराची वाट तरी बघायची, बाई. मीच उठून वर गेले, दारातूनच हाक मारली आणि तिला खाली घेऊन आले.

ती पदराला हात पुसत दारात उभी राहिली. हाताला कणीक. धडधड चालूच.

"हे काय आहे?" चेअरमननी छताकडे बोट दाखवलं. "मशीन चालू ठेवून आलीस?"

ती माझ्याकडे बघायला लागली. "काकू, माझं मशीन तर अजून बाजारात हाय. गाळ्यात. तुमचं उत्तर नाय आलं तर वर कसं आणू?"

धडधड वाढली, मग एक लांब घरघर, आणि थांबली. आतून चेअरमनच्या मिसेस बाहेर आल्या, हातात बादली, पिळलेले कपडे. सभा भरलेली बघून दचकल्या.

"अहो, ते नवीन वॉशिंग मशीन वाकडं बसवलंय. कधीपासून सांगतेय, माणूस बोलवा म्हणून."

मी हसले. हसू नये असं ठरवलं होतं, पण हसले, आणि चांगलं पोटभर हसले. ह्यांनी मला कोपराने ढोसलं तशी आणखी हसले. चेअरमननी पाणी मागवलं. आठवडाभर जे मशीन त्यांना छळत होतं ते त्यांनी स्वतःच हप्त्यावर आणलेलं होतं, आणि जी बाई ते चालवते असं त्यांना वाटत होतं ती परवानगीच्या आशेवर वर पोळ्या लाटत होती.

यानंतर कमिटीला विरोधाची फार हौस उरली नाही. तरी काही अटी घालायला हव्यात, नाहीतर कमिटी कसली. पाटी लावायची नाही. कारागीर ठेवायचे नाहीत, तिने एकटीनेच काम करायचं. दुपारच्या वेळी आणि रात्री मशीन बंद. मशीनखाली रबराची चटई. जिन्यात काही ठेवायचं नाही. तिने सगळ्याला हो म्हटलं. विजेचं मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन विचारलं : घरातलं छोटं काम, आणि युनिट ठरलेल्या मर्यादेत असले, तर घरगुतीच दर लागतो. मर्यादा ओलांडली की व्यापारी. एक शिलाई मशीन आणि एक इस्त्री, त्यात काय ओलांडणार.

मग ह्यांनी पुन्हा पत्र लिहिलं. या वेळी "सबब" नंतर मान्य होतं. पत्र तिच्या नवऱ्याच्या नावाने होतं, कारण करार त्याच्याशी झालेला. ते द्यायला मी एकटीच गेले. तिने वाचलं. खालपर्यंत वाचलं, परत वरून वाचलं.

"बरं हाय," ती म्हणाली. चेहरा काही बरं हाय सांगत नव्हता.

"काय गं? काही राहिलं का?"

"नाय, तसं काय नाय." मग जरा थांबून, "काकू, यात लिवलंय, तुमच्या पत्नीस परवानगी देण्यात येत आहे. काम मी करनार. अटी मी पाळनार. चुकलं तर बोलनी मी खानार. मग माझं नाव कुठं नाय?"

तिचं नाव करारातच नव्हतं, तर पत्रात येणार कुठून. पण करार संपतच आला होता, नवा करायचा होता. मी म्हटलं, नव्या करारात तुम्ही दोघंही भाडेकरू. शिवणकामाचं कलम त्यातच घालू, वेगळं पत्र नकोच. घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आमच्या ह्यांना थोडं वाईट वाटलं. पत्र फार चांगलं उतरलं होतं.

कराराचा एजंट पोरगा लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन फ्लॅटवर आला. आजकाल नोंदणी घरबसल्या होते. आम्ही दोघंही तिथेच गेलो होतो. मशीन तोवर वर आलेलं होतं, खिडकीखाली, रबराच्या चटईवर. पोरगा एकेकाचे आधार बघून भरत गेला. वय, पत्ता, व्यवसाय. अंगठे घेण्याआधी त्याने मसुदा सगळ्यांना दाखवला.

ती स्क्रीनजवळ वाकली. बोट ठेवून वाचत गेली. एका जागी बोट थांबलं.

"इथं गृहिणी लिवलंय."

"हो ताई. लेडीज असल्या की तेच टाकतो आपण."

"गृहिणी काढा. शिवणकाम लिवा."

तिचा नवरा म्हणाला, "राहू दे ना गं, काय फरक पडतो?"

"मला पडतो," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. पोराने मुकाट्याने बदललं. तिने परत वाचलं, मान डोलावली आणि खुर्चीत बसली. अगदी ताठ.

मग स्क्रीन माझ्यासमोर आला. मालक : माझं नाव. वय बरोबर. व्यवसाय : गृहिणी.

कंपनीच्या क्वार्टरमध्ये मी वर्षानुवर्षं शिकवण्या घेतल्या. अर्धी कॉलनी माझ्या हाताखालून दहावी झाली. सतरंजी घालायची, फळा भिंतीला टेकवायचा, आमचे हे ड्यूटीवरून यायच्या आत सगळं आवरायचं. परवानगी कुणी दिली नाही, कारण कुणी ते काम धरलंच नाही. मीही नाही. रेशन कार्डावर, बँकेत, पासपोर्टवर, जिथे जिथे तो रकाना आला तिथे मी स्वतःच्या हाताने गृहिणी लिहिलं.

"काकू, अंगठा," पोरगा म्हणाला.

"थांब. माझंही बदल."

"काय लिहू?"

हे माझ्याकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी हा प्रश्न विचारला होता, आणि तोही नोंद पुढे सरकत नाही म्हणून.

"शिक्षिका," मी म्हटलं. "निवृत्त."