झालंच आणि झालं

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे हेडबाई म्हणतात. त्यांनी शाळेत एक दिवसही शिकवलेलं नाही, पण त्या समोर उभ्या राहिल्या की भलेभले शर्ट नीट खोचतात. कागदावर त्या प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर. म्हणजे काम दुसऱ्यांनी करायचं आणि ते झालं की नाही हे ह्यांनी सांगायचं. ह्यात काय मोठंसं, असं ज्याला वाटतं त्याने एकदा आमच्या सोमवारच्या मीटिंगला येऊन उभं राहावं.

मी टेस्टर आहे. लोकांच्या कामातल्या चुका काढायचा मला पगार मिळतो, आणि घरी तेच काम मी फुकट करते असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे. तेव्हा मी कुणाचं कौतुक करायला बसले आहे म्हणजे काहीतरी तसंच कारण असणार, एवढं समजून घ्या.

आम्ही एका बस कंपनीसाठी ॲप करत होतो. थांब्यावर उभ्या माणसाला फोनवर दिसायला हवं की बस कुठे आहे आणि किती वेळात येईल. दर सोमवारी सकाळी आमचं स्टँड-अप. सगळ्यांनी उभ्या-उभ्याच बोलायचं, बसलं की माणूस लांबण लावतो म्हणून. मागच्या आठवड्यात काय केलं, ह्या आठवड्यात काय करणार, कुठे अडलंय. दोघं जण घरून काम करायचे, बस कंपनीचे डेपोसाहेबही अधूनमधून लाइनवर असायचे, म्हणून सगळं रेकॉर्ड व्हायचं. त्या रेकॉर्डिंगचा सारांश एक सॉफ्टवेअर आपोआप काढायचं आणि आमचा मॅनेजर तो न वाचता पुढे पाठवायचा. मॅनेजर माणूस वाईट नाही. कायम घाईत असतो एवढंच.

सलग सहा आठवडे त्या सारांशात एक ओळ होती, ‘नकाशा: काम पूर्ण.’ मग बस कंपनीच्या संचालकांनी स्वतःच्या फोनवर ॲप उघडलं. नवीन बस त्यांच्या दारासमोर उभी, आणि नकाशात ती दुसऱ्याच टोकाच्या थांब्यावर. त्यांचा फोन आला तेव्हा मॅनेजर स्पीकरवर होता, त्यामुळे ते बोलणं आम्हा सगळ्यांच्या वाट्याला आलं. “सहा आठवडे तुम्ही आमच्या डोळ्यांत धूळ फेकताय. शुक्रवारी येतो. कुणामुळे अडलंय ते मला लेखी हवं.”

मॅनेजरने फोन ठेवला आणि नकाशेवाल्याकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं.

नकाशेवाला म्हणजे आमच्यातला नकाशाचं काम बघणारा पोरगा. कामाला वाघ, पण स्वभाव असा की छपरातून पाणी गळत असलं तरी म्हणेल, थोडंसंच गळतंय. “मी खोटं नाही बोललो,” एवढंच तो म्हणाला. त्याच्या बायकोला सातवा महिना होता. त्याला काढून टाकणार हे त्यालाही कळलं होतं.

“हेडबाई,” मॅनेजर म्हणाला, “सहाही रेकॉर्डिंगचा मिळून एक रिपोर्ट करा. काय पुढे गेलं, काय अडलं. आणि हे कुणामुळे अडलं ते स्पष्ट नाव घालून लिहा. साहेबांना नाव हवंय.”

“करते,” हेडबाई म्हणाल्या. “पण ऐकून करणार. तुमच्या त्या सारांशावरून नाही.”

“सहा रेकॉर्डिंग ऐकणार?”

“तुम्ही उभ्याने बोललात, मी बसून ऐकीन. मला काही त्रास नाही.”

हेडबाई छोट्या मीटिंगरूममध्ये जाऊन बसल्या, कानाला हेडफोन, समोर कॉफीचा मग. मला सोबतीला घेतलं, कारण काय चाललं आणि काय नाही हे टेस्टरला माहीत असतं. मला वाटलं होतं त्या पहिल्या सोमवारपासून सुरू करून शेवटच्या सोमवारपर्यंत उतरवत जातील. तसं नाही. त्यांनी एकेक काम धरलं आणि तेच काम सहाही सोमवारी शोधत गेल्या. नकाशा सहादा, तिकिटाचं स्कॅनिंग सहादा, सूचनांचे मेसेज सहादा. “आठवड्याने लिहिलं की सगळेच कामात दिसतात,” त्या म्हणाल्या. “कामाने लिहिलं की कोणतं काम जागचं हललं नाही ते दिसतं.”

आणि खरंच दिसायला लागलं. सारांशात ‘लिफ्टचे काम अडकले’ असा एक मुद्दा होता, तो प्रकल्पाचा धोका म्हणून वर गेला होता. ऐकलं तर कुणीतरी उशिरा आल्याची सबब सांगत होतं. तिकिटांवर दर सोमवारी लांबलचक बोलणाऱ्या आमच्या थोरल्या प्रोग्रामरचं स्कॅनिंग तीन आठवडे त्याच वाक्यावर होतं. उलट मेसेजचं काम करणारी ती मितभाषी मुलगी दर सोमवारी एकच ओळ बोलायची, ती सारांशात आलीसुद्धा नव्हती, आणि सगळ्यांत पुढे तिचंच काम गेलं होतं. मी चालवून पाहिलेलं होतं, म्हणून हेडबाईंनी ते ‘पुढे गेलं’मध्ये घातलं. कुणी डोळ्यांनी चालताना पाहिलं नाही ते त्या रकान्यात जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा नियम. प्रत्येक ओळीपुढे कोणतं रेकॉर्डिंग, कितवं मिनिट, ते लिहिलेलं.

मग नकाशा. सारांशात काम पूर्ण. रेकॉर्डिंगमध्ये नकाशेवाल्याचा आवाज, “नकाशाचं झालंच.” पुढच्या सोमवारी, “झालंच, बाई.” त्याच्या पुढच्या, “झालंच समजा.”

हेडबाई हसायला लागल्या. “अगं, हे यंत्र आहे, त्याला ‘च’ कळत नाही! झालं म्हणजे झालं. झालंच म्हणजे नाही झालं!”

मी बघतच राहिले. जन्मभर मराठी बोलतेय, आणि हे दुसऱ्या कुणी सांगावं ह्याचा मला रागच आला.

“मी दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला होते ना,” त्या म्हणाल्या. “पेशंटला फोन करायचा. जो म्हणेल ‘निघालो’, तो रस्त्यात असायचा. जो म्हणेल ‘निघालोच’, तो अजून आंघोळीला जायचा असायचा. डॉक्टरांना मी त्याप्रमाणे नंबर लावून द्यायची, कधी चुकले नाही. आणि घरी नवरा आहेच. वायरमन आहे. ‘पोचलोच’ म्हणाला की मी कुकर लावायला घेते, जेवायला वाढत नाही.”

पण ‘झालंच’वर थांबल्या नाहीत. झालं नाही हे कळलं, का झालं नाही हे कुठे कळलं? पुन्हा दुसरं रेकॉर्डिंग लावलं, सावकाश. शेवटी सगळे एकमेकांना बाय म्हणत असताना, खुर्च्यांच्या आवाजाखाली, नकाशेवाला बोलला होता, “डेपोकडून थांब्यांचे नवे क्रमांक आले की झालंच.” सारांशाने ‘की’च्या आधीचं सगळं गाळून टाकलं होतं.

लगेच त्यांनी नकाशेवाल्याला आत बोलावलं. ऐकलेलं त्या माणसाला विचारल्याशिवाय रिपोर्टात घालत नाहीत.

“कसले क्रमांक रे?”

“बाई, कंपनीने थांब्यांना नवीन नंबर दिलेत. नव्या बस तोच नंबर पाठवतात. माझ्याकडे जुनी यादी आहे. माझा नकाशा बरोबर चालतो, पण नवा बारा नंबर म्हणजे जुना कुठला, हे त्याला कळणार कसं? मी मागितली होती यादी.”

“मग दर सोमवारी ओरडला का नाहीस?”

“ते साहेब लाइनवर असायचे,” तो म्हणाला. “बरं दिसत नाही ना.”

तिसऱ्या सोमवारी डेपोसाहेबांचा आवाज सापडला. स्वच्छ, एकविसाव्या मिनिटाला. “यादी ना? पाठवतोच.” हेडबाईंनी ते दोनदा ऐकलं आणि कॉफी संपवली.

रिपोर्ट एका पानाचा झाला, आणि ‘च’चा किस्सा तोवर ऑफिसभर झाला होता. मॅनेजरने वाचला आणि त्याच्या कपाळावर घाम आला. “हे असं नाही पाठवता येणार. गिऱ्हाईकाला सांगायचं की तुमच्यामुळे अडलं?”

“मी कुणामुळे हे लिहिलंच नाही. कशामुळे ते लिहिलंय. यादी आलेली नाही, दुसऱ्या सोमवारी मागितली, तिसऱ्या सोमवारी हे उत्तर. त्यात नाव कुठे आहे?”

“साहेबांना नाव हवंय.”

“नावाने नकाशा चालणार आहे का?” हेडबाईंचा आवाज चढला. “तुम्हाला ह्या पोराच्या डोक्यावर खापर फोडायचं असेल तर तुम्ही लिहा आणि खाली तुमची सही करा. माझ्या सहीने हेच जाईल.”

मॅनेजरने कागद पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाला, “जाऊ द्या हेच.” त्या क्षणी तो मला पहिल्यांदा आवडला.

शुक्रवारी संचालक आले, सोबत डेपोसाहेब. संचालकांचा चेहरा असा, की आमच्यातल्या कुणाला पाणी विचारायचंही धाडस होईना. नकाशेवाला भिंतीला टेकून उभा. संचालकांनी रिपोर्ट हातात घेतला. वरचा भाग भरभर वाचला. ‘अडलेलं’पाशी आल्यावर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली.

मग ते डेपोसाहेबांकडे वळले. “थांब्यांची नवी यादी ह्यांना पाठवली का?”

डेपोसाहेब अंगावर पाल पडल्यासारखे दचकले आणि तत्परतेने म्हणाले, “पाठवतोच, साहेब!”

आधी हेडबाईंनी ओठ चावले. मग मेसेजवाली मुलगी, जी सहा आठवड्यांत सहा ओळी बोलली होती, ती फस्सकन हसली. मग कुणालाच आवरेना. संचालकांनी पुन्हा रिपोर्टात पाहिलं, तिथे अवतरणचिन्हात तोच शब्द होता. आणि ते एवढे मोठ्याने हसले की बाहेरचा शिपाई दार उघडून बघायला आला. बिचारे डेपोसाहेबही शेवटी हसले. ते काही दुष्ट नव्हते, त्यांच्या टेबलावर कामाचा डोंगर होता आणि ते सगळ्यांनाच ‘पाठवतोच’ म्हणत होते.

“आता,” संचालक म्हणाले, “इथे बसून.”

डेपोसाहेबांनी तिथेच बसून यादी पाठवली. नकाशेवाला धावतच जागेवर गेला. जेवणाच्या सुट्टीनंतर मी चालवून पाहिलं, आणि माझ्या स्वभावाला न शोभेल इतक्या लवकर म्हटलं, “बरोबर आहे.” मॅनेजर म्हणाला, रिपोर्टात ‘पुढे गेलं’ लिहून टाका.

“अजून मी कुठे पाहिलंय?” हेडबाई म्हणाल्या. “चला खाली.”

आम्ही सगळे ऑफिससमोरच्या थांब्यावर जाऊन उभे राहिलो. मॅनेजर, संचालक, डेपोसाहेब, थोरला प्रोग्रामर, सगळे. हेडबाईंच्या हातात फोन. त्यावर एक निळा ठिपका चौक ओलांडून आमच्याकडे सरकत होता. ‘दोन मिनिटे.’ मग ‘एक मिनिट.’ नकाशेवाल्याने डोळे मिटून घेतले होते.

वळणावरून नवी बस आली.

आम्ही असा काही आरडाओरडा केला की रस्त्यातली माणसं थबकली. मी उड्या मारल्या, हे मी इथे लिहिते आहे पण कुणी विचारलं तर नाकबूल करीन. मॅनेजरने नकाशेवाल्याला मिठी मारली. बस थांबली, दार उघडलं, आणि ड्रायव्हरने टाळ्या पिटणाऱ्या ह्या जमावाकडे जरा घाबरूनच पाहिलं.

“चढणार आहात का कुणी?” त्याने विचारलं.

कुणालाच कुठे जायचं नव्हतं. पण नकाशेवाला डोळे पुसत पायरीवर चढला आणि म्हणाला, “मी. शेवटच्या थांब्यापर्यंत.”